चुंबकाच्या पोटात H उलटा कसा? मुलाच्या पुस्तकातली आकृती चुकली आहे का?

स्नेहल_राजेंद्रनगर
नमस्कार मंडळी. प्रश्न चिरंजीवांचा आहे, पण भांडण आम्हा दोघांचं. तो बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी स्वतः होळकर कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, नंतर बँकेत चिकटले आणि सगळं विसरले. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात आहे: चुंबकाच्या रेषा बाहेर उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे जातात आणि आत दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे वेटोळं पूर्ण होतं.

आता त्याच्या पुस्तकात एकाच पट्टी चुंबकाच्या दोन आकृत्या शेजारी शेजारी आहेत. एकीखाली B, दुसरीखाली H, दोन्ही चुंबकीय क्षेत्राचीच चिन्हं. बाहेर दोन्हीकडे बाण सारखेच. आत मात्र H चे बाण उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे B च्या बरोबर उलट. मी म्हटलं छपाईची चूक. B = μ₀H असेल तर दोघांच्या दिशा वेगळ्या होतीलच कशा? तो म्हणतो चूक नाही, पण का ते त्याला सांगता येत नाही. रात्रीच्या जेवणात पोळ्या गार झाल्या, पण निकाल लागला नाही. इथे कुणी जाणकार आहे का?

सराफा_रात्री_११
काकू, पोळ्या गार होत असतील तर सराफ्यात या, भुट्ट्याचा कीस गरम मिळतो. प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सुदामानगर_सर
ताई, मी बारावीच्या मुलांना शिकवतो. अगदी सरळ आहे. H हा तारेतून वाहणाऱ्या विजेपासून येतो. पट्टी चुंबकाला आपण कुठे तार जोडली आहे? करंट शून्य, म्हणून आत H शून्य. आत जे काही आहे ते चुंबकाचं स्वतःचं चुंबकन, म्हणजे M. तेव्हा आत B = μ₀M, विषय संपला. आकृतीत उलटे बाण काढायची काही गरज नव्हती, मुलं उगाच घाबरतात.

वाकडी_सुई
सरांचं पहिलं पाऊल बरोबर, दुसऱ्याला पाय घसरला. इंदूरच्या कॅट या संशोधन केंद्रात चुंबकं मोजण्यातच माझी सगळी नोकरी सरली, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

स्नेहलताई, तुमचं B = μ₀H हे हवेतलं आहे. पदार्थाच्या आत ते असं असतं:

B = μ₀(H + M)

M म्हणजे त्या पदार्थात इलेक्ट्रॉनांची जी इवली चुंबकं एका दिशेला तोंड करून उभी आहेत, त्यांची दर घनमीटरची बेरीज. पट्टी चुंबकात M दक्षिणेकडून उत्तरेकडे. बाहेर हवेत M नाही, म्हणून तिथे B आणि H यांचे बाण एकच. आत M आहे, म्हणून तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या व्हायला जागा आहे. त्या होतात की नाही हे अजून ठरायचं आहे.

आता सरांचा करंट. तार नाही म्हणून H शून्य, हे खरं नाही. तार नाही म्हणून खरं काय असतं? कुठल्याही बंद वाटेने फिरून मूळ जागी आलात तर H ची वाटेवरची बेरीज शून्य येते. जानापावच्या डोंगरावर कुठूनही निघा, फिरा आणि परत गाडीपाशी या. चढ-उताराची बेरीज शून्यच. पण म्हणून डोंगर सपाट आहे असं कुणी म्हणणार नाही.

तसंच चुंबकाभोवती फिरा. उत्तर टोकातून बाहेर पडा आणि हवेतून रेषेच्या दिशेनेच दक्षिण टोकाला या. या अख्ख्या वाटेवर H तुमच्या सोबत आहे, म्हणजे सगळा उतारच उतार. आता दक्षिण टोकातून आत शिरून उत्तर टोकाला पोचायचं आहे. एकूण बेरीज शून्य व्हायची तर आतली वाट चढाचीच असणार. म्हणजे आत H तुमच्या तोंडावर येतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे. छपाईची चूक नाही. चिरंजीवांना पोळी गरम वाढा.

B ला हा नियम नाही. त्याचा नियम वेगळा: रेषा कुठे सुरू होत नाही, कुठे संपत नाही. म्हणून तो आतून उत्तरेकडेच जातो. H ची रेषा मात्र सुरू होते आणि संपते. M उत्तरेच्या तोंडावर येऊन एकदम थांबतो, त्या थांबण्यातूनच H निघतो, आणि निघाला की दोन्हीकडे पसरतो, बाहेर हवेतही आणि आत चुंबकाच्या पोटातही. दक्षिणेच्या तोंडावर तो गडप होतो.

सुदामानगर_सर
काका, वाद घालायचा म्हणून नाही, पण लांब सुईसारख्या चुंबकात H जवळजवळ शून्यच असतो की. आणि लोखंडाच्या पूर्ण कड्याचं चुंबकन केलं तर अगदी शून्य. मग मी चुकलो कुठे?

वाकडी_सुई
या दोन ठिकाणी तुम्ही चुकलाच नाहीत. कड्याला तोंडच नाही, मग M थांबणार कुठे आणि H निघणार कुठून? सुईची तोंडं आहेत, पण इतकी लहान आणि इतकी दूर की मधोमध त्यांचा जोर पोचत नाही. पण ताईंनी पट्टी विचारली आहे, सुई नाही.

आकडेच घेऊ. निओडिमियमची गोल कांडी धरा, व्यास १० मिमी, लांबी ४० मिमी, साधा एन३५ दर्जा. त्याचं μ₀M साधारण १.२ टेस्ला, म्हणजे M सुमारे ९५५ किलोअँपिअर प्रति मीटर. सगळीकडे सारखं चुंबकन धरलं तर कांडीच्या मधोमध, अक्षावर, B येतो १.१६४ टेस्ला. १.२ मधून हा वजा करून μ₀ ने भागा: H सुमारे २८.५ किलोअँपिअर प्रति मीटर, M च्या उलट दिशेने. सर, इथे तुमची चूक फक्त ३ टक्क्यांची.

आता त्याच अक्षावरून उत्तर तोंडापर्यंत या. तिथे B राहतो ०.५९५ टेस्ला, मध्याच्या साधारण निम्मा. तोंडाच्या आत केसभर आणि बाहेर केसभर, B तोच. H मात्र आत ४८१ उलटा आणि बाहेर ४७४ सुलटा. एका केसाच्या अंतरात ९५५ ची उडी, आणि ९५५ म्हणजे नेमका आपला M. ताई, तुमच्या मुलाच्या आकृतीतली गंमत या तोंडावर आहे, मधे नाही.

दालमिल_वाला
भिया, तुम्ही सगळे शिकलेले लोक, पण माझा मामला वेगळा आहे. माझ्या दालमिलमध्ये चण्यातून खिळे-तारा निघतात, ते पकडायला मी घसरणीच्या पत्र्यावर चकत्या चिकटवल्या आहेत, २० मिमी रुंद आणि २ मिमी जाड. दुकानदाराने सांगितलं, बारा हजार गॉस. खोक्यावर पण तेच. एका ओळखीच्याने मीटर लावला तर अकराशे दाखवतो! बारा हजाराचे पैसे घेऊन अकराशे दिले. वरून ड्रायरच्या तोंडाजवळच्या चकत्या या उन्हाळ्यात जवळजवळ मेल्याच. तक्रार कुठे करायची?

सराफा_रात्री_११
दादा, हा धागा ग्राहक मंच नाही. 😄

वाकडी_सुई
थांबा, थांबा. हे अजिबात विषयांतर नाही. उलट ताईंच्या प्रश्नाला याच्याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं.

दादा, दुकानदाराने बहुतेक फसवलं नाही. बारा हजार गॉस म्हणजे १.२ टेस्ला. पण तो आकडा मालाचा आहे, चकतीचा नाही. आतला H शून्य असताना B किती, ते तो सांगतो. कारखान्यात नमुना लोखंडी जबड्यात धरून मोजतात, तेव्हाच H शून्यापर्यंत आणता येतो. सुटं चुंबक टेबलावर ठेवलं की आत उलटा H हजर.

आणि चकतीत तो किती हजर असतो ते बघा. तोंडं रुंद, मधलं अंतर २ मिमी. उत्तर तोंड आणि दक्षिण तोंड एकमेकांच्या उरावर बसलेली. तुमच्या चकतीच्या मधोमध B येतो ०.१२ टेस्ला आणि H जवळपास ८६० किलोअँपिअर प्रति मीटर, उलटा. M तोच ९५५! त्यातले ८६० चकतीच्या आकारानेच खाल्ले. तोंडावर हिशेबाने १,१८० गॉस येतात, तुमच्या मीटरने अकराशे दाखवले. मीटर बरोबर, खोकं बरोबर, फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत.

सर, आत H शून्य धरून तुम्ही या चकतीत १.२ टेस्ला सांगितला असता. दहापट चूक.

आता ड्रायर. एन३५ दर्जाचा माल उलट्या H पुढे किती टिकतो याला मर्यादा आहे, खोलीच्या तापमानाला किमान ९५५. तुमचे ८६० त्याच्या आत आहेत, म्हणून चकती घरात बरी राहते. पण निओडिमियमची ही ताकद दर अंशाला साधारण ०.६ टक्क्याने घटते. ८० अंशावर ती ६१० च्या आसपास येते. H थोडा कमी होतो, पण इतका नाही. मग चकतीतला काही भाग स्वतःच्याच H पुढे उलटा फिरतो, आणि गार झाल्यावर परत येत नाही. बाहेरून कुणी काही केलं नाही, चकतीने स्वतःलाच मारलं.

दालमिल_वाला
म्हणजे गरमीने मेल्या हे खरं, पण पातळ आहेत म्हणून मेल्या?

वाकडी_सुई
दोन्ही मिळून. त्याच मालाची २० मिमी लांब कांडी त्याच ड्रायरपाशी मधोमध सहज टिकली असती, तोंडाच्या कडांचं सांगता येत नाही. तुम्हाला चकतीच हवी असेल तर एन३५एसएच मागा. त्याची मर्यादा खोलीच्या तापमानाला साधारण १,६०० आहे. नुसता 'जास्त गॉसचा' माल घेऊन उपयोग नाही. गॉस वाढले की M वाढतो, आणि त्याच आकारात उलटा H पण वाढतो.

प्रयोगशाळा_मावशी
मी एका शाळेच्या लॅबमध्ये आहे, २२ वर्षं झाली. आमच्याकडची लाल-निळी पट्टी चुंबकं जोडीने ठेवायची, एकाचा उत्तर दुसऱ्याच्या दक्षिणेशेजारी, मधे लाकडाची पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. नवीन मुलं लोखंड काढून फेकतात आणि वर्षभरात चुंबक कुचकामी होतं. त्या लोखंडाचा या H शी काही संबंध आहे का? आम्हाला सांगतात की 'चुंबकत्व टिकतं', का ते कुणी सांगत नाही.

वाकडी_सुई
मावशी, थेट संबंध आहे. त्या तुकड्याला कीपर म्हणतात. उत्तर तोंडाला लोखंड लागलं की M तिथे एकदम थांबत नाही, लोखंडात पुढे जातो, वळतो आणि शेजारच्या चुंबकाच्या दक्षिणेत शिरतो. दुसऱ्या टोकाला तेच. सरांचं कडं झालं! तोंडं मिटली, H जवळजवळ शून्य झाला.

आणि तुमच्या पट्ट्यांना त्याची गरज जास्त. त्या बहुतेक अल्निकोच्या असतील. अल्निकोचा B निओडिमियमच्या तोडीचा असतो, पण उलटा H तो सोसतो फक्त ५० च्या आसपास. मघाच्या कांडीत तोंडापाशी ४८१ आले होते. अल्निको तिथे उभं राहूच शकत नाही. टोकांचं चुंबकन ढासळतं आणि M हळूहळू कमी होत टोकाला पोचतो. म्हणजे H ची सुरुवात फक्त तोंडावर न राहता आतल्या बाजूलाही पसरते. मावशी, तुमच्या प्रयोगवहीत चुंबकीय लांबी खऱ्या लांबीच्या ०.८४ पट लिहितात ना? ध्रुव टोकापासून थोडे आत का सापडतात, त्याचं कारण माझ्या मते हेच.

सुदामानगर_सर
०.८४ बद्दल मी सहमत नाही. रेषा कडेच्या भिंतीतूनही बाहेर पडतात, म्हणून ध्रुव आत वाटतो. त्यासाठी चुंबकन ढासळायची गरज नाही.

वाकडी_सुई
कडेच्या भिंतीतून B च्या रेषा पडतात, सारखं चुंबकन असलं तरी पडतात. पण तिथे H सुरू होत नाही, कारण M भिंतीला समांतर आहे, भिंतीवर थांबत नाही. सारख्या चुंबकनात ध्रुव तोंडावरच. मावशींकडे जुनी पट्टी आहे, तेवढ्याच आकाराचं निओडिमियम मिळालं तर दोघांची होकायंत्राने तुलना करून बघा. मी स्वतः केलेली नाही.

स्नेहल_राजेंद्रनगर
काका, हिशेब पटला. पण मुलगा मागे उभा राहून म्हणतोय, हे सगळं कागदावरचं आहे, आतला H कुणी पाहिलाय? चुंबकात भोक पाडून मीटर घालायचा का?

वाकडी_सुई
भोक पाडलं तर भोकाचा आकार उत्तर बदलतो. चुंबकाच्या लांबीच्या दिशेने बारीक नळीसारखं भोक पाडलं तर आत H मिळतो, आणि आडवी पातळ फट पाडली तर B. ही युक्ती विल्यम थॉमसनची, ज्यांना आपण लॉर्ड केल्विन म्हणतो.

पण निओडिमियम कापायच्या भानगडीत पडू नका, ते फुटतं आणि त्याचा भुगा पेटतो. त्याला सांगा, १० मिमी व्यासाच्या, २० मिमी लांब दोन कांड्या आण. मधे दीड मिमीचा लाकडी तुकडा ठेवून दोन्ही एकमेकांना ओढू दे. ओढा तीन किलोच्या आसपास असेल, बोट मधे ठेवू नको म्हणावं. त्या फटीत मीटरचा चपटा हॉल प्रोब सरकव. ती झाली आडवी फट. हिशेबाने ९,९०० गॉसच्या आसपास यायला हवेत. एकट्या कांडीच्या तोंडाशी तेवढ्याच अंतरावर ४,९००.

H साठी आतच जायला नको. चुंबकाच्या कडेच्या भिंतीला समांतर असलेला H भिंतीच्या आत आणि बाहेर सारखाच असतो, त्याला उडी नाही. दोन्ही कांड्या फट न ठेवता जोड, म्हणजे ४० मिमीची कांडी झाली. मधोमध बाहेरून प्रोब असा उभा धर की कांडीच्या लांबीच्या दिशेचा घटक मोजला जाईल. बाहेर हवेत B आणि H एकच, म्हणून मीटर जे दाखवेल तो आतला H. भिंतीपासून दोनेक मिमीवर ३०० च्या वर काही गॉस यावेत, आणि चिन्ह फटीतल्या चिन्हाच्या उलट यायला हवं. प्रोबची तीच बाजू त्याच टोकाकडे ठेवायला विसरू नको म्हणावं, नाहीतर चिन्हाचा घोळ होईल.

सराफा_रात्री_११
काका, म्हणजे भिंतीला कान लावून आतलं भांडण ऐकायचं.

स्नेहल_राजेंद्रनगर
आठ दिवसांनी परत आले. कॉलेजच्या मीटरवर त्याने काल केलं, बोट सलामत आहे. खाली त्याचं लिहिलेलं.

स्नेहलचा_मुलगा
नमस्कार काका. एकटी कांडी: ४,७०० गॉस. दोन कांड्यांच्या फटीत: ९,३००. जोडलेल्या कांडीच्या कडेला, मधोमध: −३१०. फटीतलं धन होतं आणि प्रोब मी फिरवला नव्हता, फक्त उचलून बाजूला नेला. चिन्ह बदलताना बघून मी दोनदा परत केलं.

टोकाकडे सरकत गेलो तशी कडेची संख्या वाढत गेली. पण अगदी टोकाजवळ प्रोब जरा हलला तरी आकडा उड्या मारायचा, म्हणून ते नोंदलं नाही.

दोन प्रश्न आहेत. फटीत ९,९०० ऐवजी ९,३०० का? आणि कडेचे ३१० जर खरोखर आतला H असेल, तर आत एखादा इलेक्ट्रॉन सोडला तर त्याला कोण वळवणार, हा ३१० चा उलटा H की अकरा हजाराचा B?

वाकडी_सुई
शाब्बास. ९,३०० ची कारणं दोन-तीन असू शकतात. फट दीडपेक्षा जास्त झाली असेल, प्रोब मधोमध नसेल, कांड्यांचा M १.२ पेक्षा थोडा कमी असेल. एकट्या कांडीचे ४,७०० पण तितकेच कमी आहेत, म्हणून मला कांडीचा M कमी वाटतो. पण फट कॅलिपरने मोजल्याशिवाय पैज लावणार नाही.

इलेक्ट्रॉनाला B वळवतो. त्याचं बळ B वरच ठरतं, आणि आतून जाताना त्याला सरासरी जे क्षेत्र लागतं तो B. मग H खोटा का? दादांच्या मेलेल्या चकत्यांना विचार. चकतीतलं चुंबकन टिकणार की उलटणार, हे H च्या आकड्यावरून कळतं.

सुदामानगर_सर
मी अजूनही म्हणेन की H हा हिशेबाच्या सोयीचा आहे. खरा B आणि खरा M. H म्हणजे B ला μ₀ ने भागून M वजा केलेला, बस. कांडीच्या कातड्यावरून M एवढा करंट फिरतो असं धरा, दर मिलिमीटरला ९५५ अँपिअर, ४० मिमीच्या कांडीला ३८,२०० अँपिअर. त्यावरून काकांचे B चे सगळे आकडे येतात, H चं नावही घ्यावं लागत नाही. पण −३१० बघितल्यावर 'आत H शून्य' हे माझं वाक्य मागे घेतो.

वाकडी_सुई
कातड्याच्या करंटने B येतोच, मीही तसाच काढला होता. सोयीचा की खरा, यावर आमच्या विभागात चहाच्या वेळी वर्षानुवर्षं वाद झाले. मीही एका बाजूला नाही.

प्रयोगशाळा_मावशी
मी दोन्ही पट्ट्यांची तुलना करणार आहे. निओडिमियमची पट्टी तेवढ्या लांबीची मिळत नाही, लहान तुकडे जोडून चालेल का?

वाकडी_सुई
चालेल, फक्त जोडांत फट नको. कागदाची घडीसुद्धा नको.

दालमिल_वाला
भिया, एसएच दर्जाच्या १० मिमी जाड चकत्या आणल्या. दुकानदाराला विचारलं, आतला H किती. तो म्हणाला, दादा, गॉस सांगू का? 😀 तोंडावर मीटर लावला, चार हजार दोनशे. ड्रायरपाशी लावल्या आहेत, चण्याचा सीझन संपला की सांगतो.